गुल्लूचं कुठं बिघडलं

पूर्णाकाठ नागरी सहकारी बँकेच्या संचालकांना गुल्लू आधी आवडला होता. आचल मोहोडला हे पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी अध्यक्ष खुशालराव काळमेघ हसले होते आणि ते बैठकीत हसत नाहीत असं तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

गुल्लू म्हणजे मातीचं गुल्लक. पोटाशी गोल, वर नाण्याची फट, त्या फटीखाली दोन मोठे डोळे, नळीसारखे हात आणि आखूड पाय. पहिल्यांदाच खातं उघडणाऱ्यांसाठी बँकेला पाच छोट्या अॅनिमेशन फिल्म हव्या होत्या. बचत कशाला करायची, खातं कसं उघडायचं, पैसा कुठं गळतो, ओटीपी कुणाला का सांगायचा नाही आणि ठेवींचा विमा म्हणजे काय. पाचही फिल्ममध्ये एकच मुख्य पात्र असणार होतं. तेच पुढं पासबुकाच्या कव्हरवर, शाखांच्या भिंतींवर आणि व्हॉट्सअॅपच्या स्टिकरवर जाणार होतं.

अमरावतीत कठोरा नाक्याजवळ, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आचलचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, दोन संगणक, एक ड्रॉइंग टॅबलेट आणि जुईली नावाची सहकारी. आचलचं वय तिशीच्या जवळ. वडील भातकुलीला शाळामास्तर होते. ती पुण्यात अॅनिमेशन शिकली आणि तिथल्याच एका कंपनीत लागली. परदेशी मालिकांतल्या पात्रांच्या रेषा साफ करायच्या, असं ते काम होतं. दिवसभर एकाच अस्वलाचा कान काढायचा. अस्वल कुणाचं होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कोरोनात ती कंपनी आवरली तेव्हा ती अमरावतीला परतली, आणि लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ, बियाणं कंपन्यांच्या जाहिराती, क्लासवाल्यांचे हलते तक्ते असं मिळेल ते करू लागली. इतक्या वर्षांत तिने हजारो चित्रं काढली, पण तिचं स्वतःचं म्हणावं असं एकही पात्र नव्हतं. गुल्लू पहिला.

त्याच्यावर तिने मेहनतही तशीच घेतली होती. डुक्कर पहिल्याच दिवशी बाद झालं. खार आणि मुंगी बँकेने बाद केल्या. "हे दोघंबी आमच्या शेतातलंच नेऊन साठवतेत," असं एक संचालक म्हणाले होते. मग मातीचं गुल्लक आलं. आचलने त्याला पुढून, बाजूने आणि मागून काढलं. सगळा आकार काळा भरून पाहिला. नुसत्या सावलीवरूनही तो ओळखू येत होता. नखाएवढा लहान करून पाहिला. डोळे तरी दिसत होते. डोळे खाली आणले आणि एकमेकांपासून लांब ठेवले, कारण तसा चेहरा लहान मुलाचा वाटतो आणि लहान मुलावर कुणी संशय घेत नाही. बँकेच्या प्रशिक्षण विभागाच्या अधिकारी गीतांजली दाणी यांना हे सगळं दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "याला पाहून मलाच खातं उघडावंसं वाटतंय, आणि मी इथंच नोकरीला आहे."

संचालक मंडळाने पात्र मंजूर केलं. पहिल्या दोन फिल्मचे कच्चे व्हिडिओ, म्हणजे ज्यात चित्रं हलतात पण रंग आणि आवाज पक्के नसतात, तेही मंजूर झाले. मग तिसरी फिल्म गेली.

तिसरी फिल्म पैसा कुठं गळतो याची. तीत बंडू नावाचा एक तरुण, आधीच्या दोन फिल्ममधलाच, गुल्लूला खांद्यावर घेऊन बाजारात निघतो. पानटपरी, मोबाइलचं रिचार्ज, उधारीवरचा चहा. प्रत्येक ठिकाणी गुल्लूला एक भोक पडतं आणि मागं नाण्यांची धार लागते. बंडूला पत्ता नसतो. तो पुढंच पाहत चाललेला असतो. बाजाराला फेऱ्या मारून तो थांबतो तोवर गुल्लू रिकामा झालेला असतो, आणि शेवटी खांद्यावरून मागं पडून फुटतो. मग बँकेचं दार दिसतं आणि गुल्लू पुन्हा जोडला जाऊन उभा राहतो. फेऱ्या तीन होत्या, कारण चालण्याची एकच हालचाल आणि एकच पार्श्वभूमी तीनदा फिरवली की काम निम्मं होतं. बंडूचे कपडे पांढरे होते, कारण रंग नंतर भरायचे होते.

बँकेच्या मुख्य कार्यालयातून, अकोल्याहून निरोप आला: "जरा बदल सुचवले आहेत."

बदल काय ते गीतांजलीबाईंनी फोनवर वाचून दाखवले. एका संचालकाने म्हटलं होतं, मडक्याचा रंग बदलून पाहा. दुसऱ्याने म्हटलं होतं, मुलाला रंगीत शर्ट घाला. तिसऱ्याने, त्याला मागं वळून पाहू द्या. चौथ्याने, हालचाल कमी करा. पाचव्याने फक्त "योग्य वाटत नाही" असं.

"मागं वळून पाहिलं तर त्याला गळती दिसेल ना," आचल म्हणाली. "मग फिल्म कशाला?"

"मी तेच म्हटलं," गीतांजलीबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, तरी पाहू द्या."

आचलने गुल्लूचा विटकरी रंग काढून त्याला बँकेच्या लोगोचा निळा दिला. बंडूला पिवळा शर्ट घातला. तो एकदा मागं वळला आणि काहीच न दिसल्यासारखा पुन्हा चालू लागला. हे अगदीच वेड्यासारखं दिसत होतं, पण तिने ते केलं. फिल्म पुन्हा अकोल्याला गेली. उत्तर आलं: पिवळा शर्ट ठीक, बाकी पुन्हा विचार करावा. आणि या वेळी एक ओळ जास्त होती. गुल्लू हेच पात्र ठेवायचं का, यावरही फेरविचार व्हावा.

ही ओळ आचलला समजेना. पात्र मंजूर झालं होतं. अध्यक्ष हसले होते. दोन फिल्म याच पात्राच्या होत्या आणि त्यांच्यावर कुणाची तक्रार नव्हती. जुईली म्हणाली, "ताई, डोळे बदलून पाहू का? कधी कधी डोळेच लोकांना खटकतात." दोघींनी गुल्लूला नवे डोळे दिले. भुवया दिल्या. भुवया काढल्या. एका प्रकारात तो हसतमुख झाला, एका प्रकारात शहाणा, एकात थोडा झोपाळू. खालच्या क्लासमधल्या बारावीच्या मुलांना बोलावून ते सगळे प्रकार दाखवले. त्यांतल्या बऱ्याच जणांचं शिष्यवृत्तीसाठी नुकतंच खातं उघडलेलं होतं. मुलांना सगळेच गुल्लू आवडले. आकांक्षा नावाच्या एका मुलीने तेवढं विचारलं, "पैसे काढाले याले फोडा लागते का?"

"नाही," आचल म्हणाली. "खात्यातले पैसे कधीही काढता येतात."

"हो, पण हा तं मातीचा हाये."

हा प्रश्न आचलने टिपून घेतला आणि बाजूला ठेवला. तेव्हा तिची अडचण वेगळी होती. अकोल्याचे मोठे लोक काय पाहत होते ते तिला कळत नव्हतं.

शेवटी ती स्वतः गेली. अकोल्याला टिळक रोडवर बँकेचं मुख्य कार्यालय आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये लांब टेबल, मागं पडदा, चहाचे कप. आचलने तिसरी फिल्म पहिल्यापासून लावली. बंडू निघाला, पहिलं भोक पडलं. टेबलावरचं बोलणं थांबलं. दुसरं भोक. उपाध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिसरं भोक. गुल्लू मागं पडून फुटला तेव्हा खुशालराव काळमेघ खिडकीबाहेर पाहत होते.

"यात नेमकं काय खटकतं, सर?" आचलने विचारलं. "तुम्ही सांगाल तसं बदलते. मला फक्त कळू द्या."

कुणी बोलेना. मग उपाध्यक्ष म्हणाले, "काम चांगलं आहे बेटा. मेहनत दिसते."

"मग?"

"मग काही नाही. पण शोभत नाही."

"काय शोभत नाही, सर?"

"आता काय सांगावं," ते म्हणाले आणि चष्मा घातला.

दोन महिला संचालकांपैकी एक म्हणाल्या, "मला तर आवडलं बुवा. फुटल्यावर पुन्हा जोडलं जातं ते किती छान!" त्यांच्या शेजारच्या वयस्क संचालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चहाचा कप उचलला.

खुशालराव म्हणाले, "आपण असं करू. मुंबईच्या एका कंपनीनं तयार मधमाशी दाखवली हाये. तिचाबी विचार करू. महिनाअखेरच्या बैठकीत ठरवू. तुमीबी काही नवीन आना, मॅडम."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत आचलने गीतांजलीबाईंना दोनदा फोन केला. गीतांजलीबाईंनी संचालकांना एकेकट्याला गाठून विचारलं होतं. "सगळे म्हणतात, तुम्हीच समजून घ्या," त्या म्हणाल्या. "आता मी काय समजून घेऊ? मला वाटलं पानटपरी दाखवली म्हणून असेल. एकांचा पानाचा धंदा आहे. ते म्हणाले, पानटपरी राहू द्या, चांगली आहे."

"मधमाशी डंख मारते," आचल म्हणाली. "बँकेने डंख मारणारं पात्र घ्यायचं?"

"ते मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, मध देते."

पुढचे काही दिवस आचलने गुल्लूला हात लावला नाही. मधमाशी मंजूर झाली तर गुल्लूच्या दोन फिल्म तशाच पडून राहणार होत्या आणि पुढच्या तीन दुसऱ्या कुणाच्या पात्राच्या होणार होत्या. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच अस्वलाचा कान. जुईलीने एकदा म्हणून पाहिलं की मधमाशीलाही आपणच हलवू, ते काम आपल्यालाच मिळेल. आचलने टॅबलेट बंद केला.

गुल्लूचं काय खटकत होतं याचं उत्तर गजेंद्र बोंडेकडून आलं, आणि तेही त्याने दिलं नाही. त्याच्या तोंडून निघालं.

गजेंद्र लग्नांत आणि कृषी प्रदर्शनांत माइकवर बोलतो. आवाज बसका, पण विनोद पक्का. बंडूचा आवाज त्याचाच होता. पहिल्या दोन फिल्म त्याने एका दुपारी बोलून टाकल्या होत्या. तिसरीचंही ध्वनिमुद्रण करून ठेवावं, महिनाअखेरीस पूर्ण फिल्म दाखवता येईल, असं आचलला वाटलं. मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावून तिने ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. गजेंद्रने कानाला हेडफोन लावला. पडद्यावर पहिला, पांढऱ्या कपड्यांचा कच्चा व्हिडिओ चालू झाला. त्याने ओठांच्या हालचालीवर पहिलं वाक्य म्हणायचं होतं.

तो बोललाच नाही.

"गजूभाऊ, वाक्य गेलं," आचल काचेमागून म्हणाली. "पुन्हा लावते."

पुन्हा लावलं. गजेंद्र पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने हेडफोन काढून स्टूलवर ठेवला आणि दार उघडून बाहेर आला.

"ताई, हे मी नाई बोलत."

"का? वाक्य कठीण आहे का?"

"वाक्याचं नाई." तो दारातच उभा राहिला. "तुमाले मस्करी वाटते का हे?"

आचलला आता गजेंद्रही समजेना. "कशाची मस्करी?"

"मागच्या वर्षी म्या बाबाले अग्नी देल्ला. खांद्यावर मडकं घेऊन फिरलो म्या. एक फेरी झाली का मागून गोट्यानं एक भोक पाडतेत. पाण्याची धार लागते. दुसरी फेरी, दुसरं भोक. तिसरी. मंग मागं न पाहता खांद्यावरून सोडून द्याचं. फुटते. मागं पाहाचं नसते." त्याने पडद्याकडे बोट केलं. "अन् तुमी तेच काढलं. कपडेबी पांढरे."

"शर्ट पिवळा केलाय," जुईली म्हणाली.

"तो आता केला ना!"

आचल खुर्चीवर बसली. सिनेमात, टीव्हीवर तिने ते दृश्य पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं नाही. पण तिथं कॅमेरा नेहमी मुलाच्या चेहऱ्यावर असतो, आणि तिच्या मडक्याला डोळे होते, पाय होते, तो गुल्लू होता. तीन आठवडे ती त्याच्याकडे चालण्याची हालचाल म्हणून पाहत होती: पाऊल, झोल, पाऊल. ती स्मशानात कधी गेली नव्हती. जुईली गेली नव्हती. गीतांजलीबाई गेल्या नव्हत्या. इकडे बायका दारापर्यंत जातात आणि परत फिरतात. आचलचे आजोबा गेले तेव्हा तीही अशीच दारातून परत फिरली होती.

"पण मग त्यांनी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. "सगळ्या टेबलाला माहीत होतं."

"कोन सांगन, ताई?" गजेंद्र म्हणाला. "भर बैठकीत, बँकेच्या हालमधी, पोरीबाळीईसमोर? तिथं लोक नवं खातं उघडाले येतेत. तो शब्द तोंडातून काढणं बरं वाटते का? अन् तुमी तं त्याले पुन्हा जोडून उभं करता. लोक म्हनतीन, मेलेला उठला."

जुईलीला हसू आलं. तिने ते दाबलं. मग गजेंद्रच हसला, आणि मग तिघंही, पण गजेंद्र बंडूचा आवाज द्यायला परत खोलीत गेला नाही.

आचलने लगेच गीतांजलीबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे म्हणून ते 'मागं वळून पाहू द्या'."

"हो."

"आणि शर्ट."

"हो."

"आणि मी दर वेळी त्यांना सांगत होते की ही फिल्म शाखेत सतत चालू ठेवायची, काउंटरसमोर."

आता गुल्लूला वाचवता येतं का, हा प्रश्न होता. आचलने आधी तोच प्रयत्न केला. गुल्लू घरातच बसेल, कुणी त्याला खांद्यावर घेणार नाही. भोकं उंदीर पाडेल. एक दिवस यावर गेला. मग तिच्या लक्षात आलं की तिसरी फिल्म बदलून उपयोग नाही, कारण टेबलावरच्या माणसांनी गुल्लूला फुटताना पाहिलं होतं. त्यांच्यासाठी तो आता ते मडकं होता. निळा केला तरी, भुवया दिल्या तरी. आणि खालच्या क्लासमधल्या आकांक्षाचा प्रश्न होताच. फोडल्याशिवाय ज्यातून पैसे निघत नाहीत ते पात्र बँक खात्याबद्दल बोलणार कसं? हा दोष पहिल्या दिवसापासून होता. तो तिला स्मशानाशिवायही दिसायला हवा होता.

तिने गुल्लूचे डोळे ठेवले, हातपाय ठेवले आणि धड बदललं. मातीच्या जागी स्टीलचा डबा आला, वर झाकण. बोलायचं असलं की झाकण टोपीसारखं वर होतं. पैसे ठेवता येतात, काढता येतात, काही फुटत नाही. काळा भरून पाहिला तेव्हा तो कुठल्याही डब्यासारखा दिसला, म्हणून झाकणाला तिने एका बाजूने जरासा पोचा पाडला. पोचा असलेला डबा सावलीतही ओळखू आला. नाव डब्बू. गुल्लूइतका तो तिला आवडत नव्हता. गोल पोटाची मजा या सरळ धडात नव्हती, आणि स्टीलची चमक हलवायची म्हणजे जुईलीच्या मानेचा काटा ढिला होणार होता.

बैठकीच्या आधी एकदा खऱ्या माणसांना दाखवून घेऊ, अशी अट या वेळी गीतांजलीबाईंनी घातली. "संचालकांना नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांना. आणि पुरुषही असू द्या, बाई. म्हणजे काही असलं तर तिथंच कळेल."

भातकुलीला एका मंगल कार्यालयात बचत गटाच्या बायका, कॉलेजची काही पोरं आणि दोन-तीन वयस्क शेतकरी जमले. आचलने भिंतीवर पहिली फिल्म लावली. डब्बू स्वयंपाकघराच्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी उभा राहून झाकण उचलतो आणि म्हणतो, घरातली पहिली बँक मीच. आचल या वेळी फिल्मकडे पाहत नव्हती. ती शेतकऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ते हसले. एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं.

बायका हसल्या नाहीत.

आचलने फिल्म थांबवली. "काय झालं, मावशी?" तिने पुढच्या रांगेतल्या एका बाईंना विचारलं. त्या मैनाबाई, गटाच्या सचिव.

"काय होईन?" मैनाबाई म्हणाल्या. "चांगलं आहे. पण हे काहून दाखवता?"

"काय?"

"डाळीच्या डब्याचं. हे टीव्हीवर लागन, मोबाइलवर येईन. आमच्या घरचे पाहतीन. आता ते सारे डबे हुडकतीन ना!"

मागच्या बायकांत कल्लोळ झाला. एकीने सांगितलं की तिच्या नवऱ्याला आधीच माहीत आहे. दुसरी म्हणाली की तिचे पैसे डाळीत नाहीत, साबुदाण्यात आहेत, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. शेतकऱ्यांतला एक म्हणाला, "सांगा, सांगा, अजून कोन्या कोन्या डब्यात असते?" त्याची बायको तिथंच बसली होती. "तुमी घरी चला," ती म्हणाली.

आचल गीतांजलीबाईंकडे वळली. गुल्लू गेला तसाच आता डब्बूही जाणार असं तिला वाटलं. पण गीतांजलीबाई भराभरा काहीतरी लिहीत होत्या.

"हेच त्याला म्हणू द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हेच. की माझी जागा घरात सगळ्यांना माहीत असते. म्हणून तर खातं उघडायचं, आपल्या एकटीच्या नावाचं. आपण उगाच व्याजापासून सुरुवात करत होतो. यांना व्याज नंतर. आधी ही गोष्ट."

मैनाबाईंना ते वाक्य वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हं. हे ठीक आहे. पण डाळीचा डबा तरी नका दाखवू." डाळीचा डबा काढला. डब्बू नुसत्या फळीवर राहिला.

महिनाअखेरच्या बैठकीत अकोल्याला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या: मुंबईची मधमाशी आणि डब्बू. मधमाशी आधी लागली. ती फुलाफुलावर गेली, पोळ्यात मध ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली की थेंबाथेंबाने बचत होते. टेबलावर शांतता. आचलला ती शांतता ओळखीची वाटली, पण ती कुठली शांतता आहे याची तिला आता खात्री देता येत नव्हती. मग डब्बू लागला. पहिली फिल्म, आणि तिसरीचा नवा कच्चा व्हिडिओ. त्यात कुणी कुणाला खांद्यावर घेत नव्हतं. डब्बू फळीवरच होता. घरातल्या एकेकाचा हात येऊन झाकण उचलत होता आणि प्रत्येक वेळी डब्बू आतून थोडा पोकळ वाजत होता. बंडूचा आवाज गजेंद्रने कुरकुर न करता दिला होता.

व्हिडिओ संपला.

"याच्या झाकणाले कुलूप काहून नाई?" खुशालराव म्हणाले.

"सर, डबा आहे तो," गीतांजलीबाई म्हणाल्या. "कुलूप लावलं तर मग बँक कशाला?"

"पण मधी तं आपन दाखवतो ना का खातं सुरक्षित हाये. मंग डब्ब्याले बी बँकेत आल्यावर कुलूप पायजे."

"अध्यक्षसाहेब, बँकेत आल्यावर तो डबा राहतोच कुठं?" उपाध्यक्ष म्हणाले.

"कसा राहात नाई? पासबुकावर कोन राहीन मंग?"

"पासबुकावर कुलूपवाला ठेवा, फिल्ममध्ये बिनकुलुपाचा," एक संचालक म्हणाले.

"दोन दोन डब्बू? लोक गोंधळतील," महिला संचालक म्हणाल्या. "आणि कुलूप म्हटलं की किल्ली आली. किल्ली कुणाजवळ? मॅनेजरजवळ? ते तर त्याहून वाईट."

"किल्ली म्हणजे पिन," दुसरे म्हणाले. "एटीएमचा. ओटीपीवाल्या फिल्ममध्ये घालता येईल."

"ओटीपी अन् पिन एक नाही, काळेसाहेब," उपाध्यक्ष म्हणाले.

"मला माहीत आहे ते एक नाही! मी फक्त म्हणतो..."

चहा आला आणि कुणी घेतला नाही. उपाध्यक्ष कागदावर कुलूप काढून दाखवत होते. महिला संचालक म्हणत होत्या की कुलपापेक्षा डब्बूला कानातले घाला, बायकांना आवडेल. खुशालराव म्हणाले की डब्बू पोरगा आहे. त्या म्हणाल्या, कुणी ठरवलं? मधमाशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आचल गीतांजलीबाईंकडे वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, हे नापसंत आहे की पसंत?"

"मी इथं अकरा वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "नको असतं तेव्हा हे बोलत नाहीत."

"मग कुलूप लावू की नको?"

"ते मला माहीत नाही."

खुशालरावांनी टेबलावर हात आपटून डब्बू मंजूर असल्याचं सांगितलं आणि कुलपावर एक उपसमिती नेमली. उपसमितीत दोन्ही महिला संचालकांना घेतलं. आचलने टॅबलेट उघडून डब्बूच्या झाकणावर एक छोटं कुलूप काढलं, जरा वेळ पाहिलं, आणि हवं तेव्हा दाखवता यावं म्हणून ते चित्राच्या वेगळ्या थरावर ठेवून तो थर बंद केला.